‘प्रीती सहनशील आहे’ : अर्धवट आठवणारे वचन अध्याय आणि ओवीपर्यंत कसे शोधावे

एका परिचितांनी मला एकदा एक ओळ लिहून पाठवली आणि ती बायबलमध्ये नेमकी कुठे आहे असे विचारले. ओळ अशी होती : “प्रेम धीर धरते, प्रेम दयाळू असते, आणि प्रेम कधी संपत नाही.” सोबत त्यांनी दोन खुणा दिल्या होत्या. हे येशूचे बोलणे असावे, आणि ते तेराव्या अध्यायात असावे. मला हे काम पाच मिनिटांचे वाटले होते, पण त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी मी त्यांना जो संदर्भ कळवला तोही चुकीचा निघाला. त्यानंतर हीच ओळ वेगवेगळ्या शब्दांत विचारणारे आणखी काही जण भेटले आणि प्रत्येकाचा गोंधळ साधारण त्याच तीन-चार ठिकाणी होतो हे लक्षात आले. बायबल हाताळण्याची सवय नसलेल्या वाचकाला ही वाट कशी चालावी हे कळावे म्हणून ती इथे क्रमाने मांडत आहे, आणि उदाहरण म्हणून तीच ओळ घेत आहे.

सुरुवातीलाच एका शब्दाचा खुलासा करणे बरे. बायबलच्या पुस्तकांचे अध्याय असतात आणि अध्यायात क्रमांक दिलेली लहान लहान वाक्ये असतात. मराठी ख्रिस्ती वाचक या क्रमांकित भागाला ‘ओवी’ किंवा ‘वचन’ म्हणतात. इथे ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीतील ओवीसारखा छंद नव्हे. या लेखात मी क्रमांकासाठी ओवी आणि मजकुरासाठी वचन असे शब्द वापरले आहेत.

## लागणारे साहित्य

- कागद आणि पेन. हे गमतीने म्हणत नाही, पहिली पायरी यांच्यावाचून होत नाही.
- एक मराठी बायबल, छापील किंवा फोनवरचे. त्यात नवा करार, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांच्या काळातला बायबलचा दुसरा भाग, असला म्हणजे पुरे.
- शक्यतो दुसरे एखादे भाषांतर, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी.
- मूळ ग्रीक शब्दांचे क्रमांक दाखवणारे एखादे संकेतस्थळ किंवा छापील शब्दसूची. ही फक्त सहाव्या पायरीसाठी लागते.

## 1. आठवते तसेच लिहून काढा

ओळ जशी आठवते तशी, एकही शब्द न सुधारता, कागदावर उतरवा. भाषा ग्रांथिक करण्याचा किंवा ‘बायबलमध्ये असे असेल’ म्हणून शब्द बदलण्याचा मोह टाळा, कारण एकदा दुरुस्त केलेली ओळच पुढे आपल्याला मूळ आठवण वाटू लागते. त्याच कागदावर ओळ कुठे ऐकली किंवा वाचली, कोणत्या भाषेत, साधारण किती वर्षांपूर्वी आणि तिच्या आगेमागे आणखी काय होते, हेही लिहा. “त्यात झांजेचे काहीतरी होते” किंवा “आरशात पाहण्याविषयी होते” अशी तुटक आठवणसुद्धा लिहून ठेवावी. आपल्या उदाहरणातील गृहस्थांना झांज आठवली असती तर माझी ती संध्याकाळ वाचली असती. ही ओळ ज्या अध्यायात आहे त्याच्या पहिल्याच ओवीत झणझणणारी झांज येते आणि बाराव्या ओवीत आरशात अस्पष्ट दिसण्याचा दाखला येतो.

आठवण ज्या भाषेतली असेल ती भाषा जपा. इंग्रजीत ऐकलेली ओळ आपण मनातल्या मनात मराठी करून लिहिली, तर ती कोणत्याही मराठी बायबलच्या मजकुराशी जुळणार नाही.

## 2. टिकणारे शब्द आणि बदलणारे शब्द वेगळे करा

आपल्याला आठवत असते ते कुणा एका भाषांतरकाराचे वाक्य, आणि आपण शोधत असतो तो पत्ता सगळ्या भाषांतरांना समान असतो. तेव्हा लिहिलेल्या ओळीतले कोणते शब्द भाषांतरागणिक बदलू शकतात आणि कोणता आशय कोणत्याही भाषांतरात टिकेल, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या ओळीत ‘प्रेम’, ‘धीर’, ‘दयाळू’ आणि ‘संपत नाही’ हे चारही शब्द बदलणारे आहेत. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात या ठिकाणी ‘प्रेम’ नसून ‘प्रीती’ आहे, ‘धीर धरते’ नसून ‘सहनशील आहे’ आहे, ‘दयाळू’च्या जागी ‘परोपकारी’ आहे आणि ‘संपत नाही’च्या जागी ‘अंतर देत नाही’ आहे. म्हणजे गृहस्थांची ओळ अर्थाने जवळपास बरोबर असूनही तिच्यातला एकही महत्त्वाचा शब्द या भाषांतरात जसाच्या तसा सापडत नाही. शब्दशः शोध घेणाऱ्याला एकही निकाल मिळत नाही तो यामुळेच.

टिकणारी गोष्ट म्हणजे वाक्याचा साचा. इथे प्रीती ही कर्ता आहे, तिच्याविषयी एकामागून एक लहान विधाने येतात आणि त्यांतली बरीच नकारार्थी आहेत : हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही, चिडत नाही. “प्रीती करा” अशी आज्ञा बायबलमध्ये अनेक ठिकाणी आहे, पण प्रीती काय करते आणि काय करत नाही याची अशी लांब यादी दुसरीकडे कुठे नाही. तुमच्या आठवणीत ही यादी असेल तर पुढचे काम बरेच सोपे होते.

## 3. शोधाचे शब्द निवडा

फोनवरच्या बायबलमध्ये किंवा संकेतस्थळावर शोधताना अख्खे वाक्य टाकू नका. दोन शब्द पुरतात, आणि त्यांतला एक कमी वापरातला असावा. मराठीत मी या क्रमाने शोधतो :

```
प्रीती सहनशील
प्रीती हेवा
प्रीती बढाई
```

यांतला ‘बढाई’ सर्वांत उपयोगी ठरतो, कारण प्रीती आणि बढाई हे शब्द एकाच ओवीत सहसा येत नाहीत. एकटा ‘प्रीती’ टाकला तर निकालांचा ढीग येतो आणि माणूस तिथेच थकून सोडून देतो.

शुद्धलेखनाचा एक सापळा इथे आहे. जुन्या लेखनपद्धतीत हा शब्द ऱ्हस्व वेलांटीने ‘प्रीति’ असा लिहीत आणि आता तो दीर्घ वेलांटीने ‘प्रीती’ असा लिहितात. तसेच कुठे ‘करीत नाही’ असते, तर कुठे ‘करत नाही’. शोधयंत्र अक्षर न् अक्षर जुळवते, त्यामुळे एका रूपाने काही मिळाले नाही तर लगेच दुसरे रूप टाकून पाहा आणि शक्य असेल तिथे क्रियापद गाळून फक्त नाम टाका.

इंग्रजीतून शोधणाऱ्यांसाठी याहून मोठा सापळा आहे. आज सर्वांच्या तोंडी असलेले वाक्य हे आहे :

```
"love is patient"
```

हे वाक्य विसाव्या शतकातील आणि त्यानंतरच्या भाषांतरांत मिळते. 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीत मात्र या ठिकाणी ‘लव्ह’ही नाही आणि ‘पेशंट’ही नाही. तिथे शब्द असे आहेत :

```
charity suffereth long
```

अनेक संकेतस्थळांवर आणि मोफत अ‍ॅपमध्ये हीच जुनी आवृत्ती आपोआप निवडलेली असते. तिथे वरचे वाक्य टाकल्यावर निकाल शून्य येतो आणि शोधणारा असा निष्कर्ष काढतो की ही ओळ बायबलमध्ये नाहीच, कुणीतरी मागाहून रचली आहे. शून्य निकाल आला तर आधी वर कोणत्या आवृत्तीचे नाव दिसते ते पाहावे. ‘चॅरिटी’ हा शब्द लॅटिन बायबलमधील ‘कारितास’ या शब्दावरून आला. विल्यम टिंडल या इंग्रजी भाषांतरकाराने 1526 मध्येच इथे ‘लव्ह’ वापरला होता, पण 1611 च्या भाषांतरकारांनी या अध्यायात ‘चॅरिटी’ ठेवला. एका शब्दाच्या या निवडीमुळे चारशे वर्षांनंतरचा शोध अडतो, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

छापील शब्दसूची वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते. जेम्स स्ट्राँग यांची 1890 ची प्रसिद्ध सूची किंग जेम्स आवृत्तीच्या शब्दांवर बांधलेली आहे. तिच्यात ‘पेशंट’ खाली ही ओवी मिळणार नाही, ‘चॅरिटी’ खाली मिळेल.

## 4. ‘तेरावा अध्याय’ या आठवणीवर विसंबू नका

माझी संध्याकाळ गेली ती इथे. “तेराव्या अध्यायात आहे आणि येशूचे बोलणे आहे” या दोन खुणा धरून मी थेट योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला. तिथे 34 व्या ओवीत येशू शिष्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा देतो. येशू आहे, प्रीती आहे, तेरावा अध्यायही आहे, म्हणून मला वाटले की जागा हीच आणि गृहस्थांना शब्द तेवढे चुकीचे आठवत असावेत. पण तिथे धीराविषयी किंवा सहनशीलतेविषयी काही नाही, आणि मुख्य म्हणजे ती आज्ञा आहे, प्रीतीचे वर्णन नव्हे. दुसऱ्या पायरीतला साचा तपासला असता तर मी तिथे थांबलो नसतो.

नव्या करारात प्रीतीचा उल्लेख असलेले तेरावे अध्याय एकाहून अधिक आहेत, हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. ते असे :

- योहान 13:34 मध्ये एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा आहे.
- रोमकरांस पत्र 13:10 मध्ये प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही, असे म्हटले आहे.
- करिंथकरांस पहिले पत्र 13:4 ही आपण शोधत असलेली जागा आहे.
- करिंथकरांस दुसरे पत्र 13:11 मध्ये देवाला प्रीतीचा व शांतीचा देव म्हटले आहे.
- इब्री लोकांस पत्र 13:1 मध्ये बंधुप्रेम टिकून राहू द्या, असे सांगितले आहे.

यांतली रोमकरांस पत्रातील ओवी विशेष फसवी आहे, कारण तिथेही प्रीती कर्ता आहे आणि विधान नकारार्थी आहे. फरक इतकाच की तिथे एकच विधान आहे आणि ते नियमशास्त्राच्या पालनाशी जोडलेले आहे. हेवा, बढाई, फुगणे, चिडणे ही साखळी तिथे नाही.

ओळ येशूच्या नावावर जाण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. प्रेमाविषयीचे बायबलमधले वाक्य म्हटले की ते येशूचेच असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे शब्द येशूनंतर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या पौल या प्रेषिताच्या पत्रातले आहेत. हे पत्र त्याने इफिस येथून करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीला पहिल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिले. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारच पुस्तके शोधत बसलात तर ही ओळ तिथे कधीच मिळणार नाही.

छापील पुस्तकात जागा सापडत नसेल तर नव्या कराराच्या सुरुवातीपासून मोजा : मत्तय, मार्क, लूक, योहान, प्रेषितांची कृत्ये, रोमकरांस पत्र, आणि सातवे करिंथकरांस पहिले पत्र. त्याचे सोळा अध्याय आहेत, म्हणजे तेरावा अध्याय पत्राच्या शेवटाकडे येतो.

## 5. चौथी ओवी की सातवी, ते ठरवा

आता अध्याय निश्चित झाला. तो जेमतेम तेरा ओव्यांचा आहे, म्हणून पूर्ण वाचा. वाचताना मराठी वाचकाला अशी एक अडचण येते जी इंग्रजी वाचकाला तितकीशी येत नाही, आणि म्हणून तिच्यासाठी थोडी जास्त जागा घेतो.

चौथ्या ओवीची सुरुवात प्रचलित मराठी भाषांतरात अशी आहे : “प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करत नाही, प्रीती बढाई मारत नाही, फुगत नाही.” तीन ओव्यांनंतर, सातव्या ओवीत, प्रीती सर्व काही सहन करते, सर्व काही खरे मानण्यास सिद्ध असते, सर्वांची आशा धरते आणि सर्वांसंबंधाने धीर धरते, असे येते. म्हणजे ‘सहन’ हा शब्द दोन्ही ठिकाणी आहे आणि ‘धीर’ फक्त सातव्या ओवीत आहे. आपल्या गृहस्थांना “प्रेम धीर धरते” असे आठवत होते. शब्द पाहिला तर ते सातवी ओवी सांगत होते आणि अर्थ पाहिला तर चौथी.

अशा वेळी आठवणीतला शब्द बाजूला ठेवून त्याचा शेजारी पाहावा. धीराच्या किंवा सहनशीलतेच्या लगेच पुढे दया किंवा परोपकार आठवत असेल, अथवा हेवा नसण्याचे काही आठवत असेल, तर ती चौथी ओवी आहे. त्याऐवजी “सर्व काही, सर्व काही” अशी पुनरावृत्ती किंवा ‘आशा’ हा शब्द आठवत असेल तर ती सातवी आहे. आपल्या ओळीत धीराच्या शेजारी ‘दयाळू’ आहे, म्हणून तिचा पहिला भाग चौथ्या ओवीतला ठरतो. काही मराठी भाषांतरांत ‘परोपकारी’च्या जागी ‘दयाळू’ असेच आहे, तेव्हा गृहस्थांनी ही ओळ तशा एखाद्या भाषांतरातून ऐकली असण्याची शक्यता आहे.

ओळीचा शेवट मात्र तिसरीकडेच जातो. “प्रेम कधी संपत नाही” हे आठव्या ओवीच्या आरंभी आहे : “प्रीती कधी अंतर देत नाही.” म्हणजे गृहस्थांच्या मनात चौथ्या ओवीचे पहिले शब्द आणि आठव्या ओवीचे पहिले शब्द एकमेकांना चिकटले होते आणि मधला सगळा भाग गळून गेला होता. अर्धवट आठवणाऱ्या ओळींच्या बाबतीत हे वारंवार घडते. सुरुवात आणि शेवट लक्षात राहतो आणि मधले ‘नाही, नाही’ विरून जाते. अशा ओळीला एकच ओवी शोधत बसलात तर ती मिळत नाही, कारण तशी एक ओवी नसतेच.

## 6. मूळ ग्रीक शब्दाने खात्री करा

ही पायरी सर्वांना लागेल असे नाही, पण चौथी की सातवी याविषयी वाद उरला तर तो इथे मिटतो, आणि त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही.

ग्रीक शब्दांना क्रमांक देण्याची जी पद्धत सर्वत्र वापरतात ती स्ट्राँग यांच्या सूचीतूनच आली आहे. ओवी उघडून शब्दावर क्रमांक दाखवणाऱ्या संकेतस्थळावर चौथ्या ओवीतील ‘सहनशील’ या शब्दाला `G3114` हा क्रमांक दिसेल आणि सातव्या ओवीच्या शेवटच्या क्रियापदाला `G5278`. पहिला शब्द ‘माक्रोथुमेओ’ आणि दुसरा ‘हुपोमेनो’. पहिल्यात ‘लांब’ आणि ‘राग’ असे दोन अर्थ जोडलेले आहेत, म्हणजे ज्याला राग यायला वेळ लागतो तो. जुन्या कराराच्या मराठी भाषांतरात परमेश्वरासाठी येणारा ‘मंदक्रोध’ हा शब्द याच कल्पनेचा आहे, आणि माझ्या मते तो ‘सहनशील’पेक्षा ग्रीकच्या अधिक जवळ जातो. दुसऱ्या शब्दात ओझ्याखाली टिकून राहणे आहे, मग ते ओझे परिस्थितीचे असो की छळाचे. पहिला धीर प्रामुख्याने माणसांशी वागतानाचा, दुसरा संकटाखाली उभे राहण्याचा.

क्रमांकाचा आणखी एक फायदा असा की भाषांतराच्या शब्दांपासून सुटका होते. `G3114` शोधले की नव्या करारातील त्याचे सगळे प्रयोग दिसतात, आणि ते फक्त दहा आहेत. त्यांत कर्जदार सेवकाचा दाखला आहे, पिकाची वाट पाहणारा शेतकरी आहे, अब्राहाम आहे. या दहांपैकी प्रीती कर्ता असलेला प्रयोग एकच आहे, आणि तो करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या 13:4 मधला. त्याच ओवीतील ‘परोपकारी’ या अर्थाचे क्रियापद, `G5541`, तर साऱ्या नव्या करारात एकदाच येते. यानंतर शंकेला जागा राहत नाही.

एक बारीक गोष्ट : ग्रीकमध्ये ही दोन्ही क्रियापदे आहेत, विशेषणे नव्हेत. ‘प्रीती सहनशील आहे’ यापेक्षा ‘प्रीती सहनशीलपणे वागते’ हे मुळाला धरून होईल. त्यामुळे गृहस्थांचे “धीर धरते” हे व्याकरणाच्या दृष्टीने छापील मजकुरापेक्षा मुळाच्या जवळचे होते. हे मी त्यांना मुद्दाम कळवले.

## 7. मिळत्याजुळत्या वचनांशी गल्लत तपासा

सहनशीलता आणि प्रीती एकत्र येणाऱ्या तीन ओव्या एकदा वाचून बाजूला काढाव्यात. गलतीकरांस पत्र 5:22 मध्ये आत्म्याच्या फळाची यादी आहे आणि तिच्यात प्रीती, सहनशीलता व ममता हे शब्द आहेत, पण तिथे ते एका यादीतले वेगवेगळे गुण आहेत, प्रीतीचे वर्णन नव्हे. इफिसकरांस पत्र 4:2 मध्ये सहनशीलतेने व प्रीतीने एकमेकांना वागवून घेण्याचा उपदेश आहे. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, 12 ते 14 या ओव्यांत, सहनशीलता पांघरावी आणि सर्वांवर प्रीती धारण करावी असे येते. तुमच्या आठवणीत “तुम्ही असे वागा” असा सूर असेल तर ओळ या तिघांपैकी एकीची असू शकते, आणि मग 13:4 चा आग्रह धरू नये.

## 8. संदर्भ लिहिताना ‘पहिले’ विसरू नका

मी गृहस्थांना शेवटी कळवलेला संदर्भ चुकला तो या ठिकाणी. सगळे नीट शोधून मी घाईत “2 करिंथ 13:4” असे लिहून पाठवले. करिंथकरांना लिहिलेली दोन पत्रे बायबलमध्ये आहेत, आणि दुर्दैव असे की दुसऱ्या पत्रालाही तेरावा अध्याय आहे आणि त्यातही चौथी ओवी आहे. त्यामुळे चुकीचा आकडा कुठेच अडत नाही, अ‍ॅप निमूटपणे ओवी उघडून दाखवते. ती ओवी ख्रिस्त अशक्तपणात वधस्तंभावर खिळला गेला आणि देवाच्या सामर्थ्याने जिवंत आहे याविषयी आहे. गृहस्थांनी ती उघडून वाचली आणि मला नम्रपणे विचारले की यात प्रेम कुठे आहे.

तेव्हापासून मी संदर्भ लिहून झाल्यावर तोच संदर्भ पुन्हा टाइप करून ओवी उघडतो आणि तिच्यात ‘प्रीती’ हा शब्द डोळ्यांनी पाहतो. इंग्रजी संकेतस्थळावर टाइप करताना रूप असे असते :

```
1 Corinthians 13:4
1 Cor 13:4
```

ओवीच्या दुव्यातील पत्ता कुठे कुठे `1CO.13.4` असा दिसतो, तोही याच जागेचा. मराठीत ‘करिंथकरांस पहिले पत्र 13:4’ किंवा आटोपशीर ‘1 करिंथ 13:4’ असे लिहावे. अंकानंतरचा अपूर्णविराम अध्याय आणि ओवी वेगळे करतो. ओव्या सलग असतील तर मध्ये छोटी रेघ येते, जसे 13:4-7, आणि मधल्या गाळलेल्या असतील तर स्वल्पविराम, जसे 13:4, 8.

हे क्रमांक पौलाने दिलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूच्या हातून आली असे मानतात, आणि नव्या करारातील ओव्यांचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये छापले. ते नंतर सर्वत्र रुळले, म्हणूनच मराठीत सापडलेला पत्ता कुठल्याही भाषेत चालतो. सीमा मात्र क्वचित सरकलेली दिसते. उदाहरणार्थ, 1946 मध्ये नवा करार प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीत ‘फुगत नाही’ या अर्थाचे शब्द पाचव्या ओवीत गेले आहेत, मराठीत ते चौथ्यात आहेत. सहनशीलतेच्या शब्दांना याने काही फरक पडत नाही, पण पूर्ण यादी उद्धृत करायची असेल तर आपण ज्या भाषांतरातून शब्द घेतो त्यातलीच सीमा पाळावी आणि संदर्भाशेजारी त्या भाषांतराचे नाव लिहावे. एका भाषांतराचे शब्द आणि दुसऱ्याचे नाव असे झाले, तर पुढचा शोधणारा पुन्हा तिसऱ्या पायरीवर येऊन अडकतो.

गृहस्थांना मी दुसऱ्यांदा पाठवलेले उत्तर असे होते : “आपली ओळ एका ओवीची नसून दोन ओव्यांची आहे. करिंथकरांस पहिले पत्र 13:4, 8. बोलणे येशूचे नसून पौलाचे आहे. छापील शब्द : ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे…’ आणि ‘प्रीती कधी अंतर देत नाही.’” त्यांनी ओवी उघडून पाहिली आणि उलट टपाली एवढेच लिहिले की ‘अंतर देत नाही’ हे शब्द त्यांना आता ओळखीचे वाटतात, लहानपणी ऐकले होते ते हेच.